‘हाव’वर उपाय: वाग्दत्त वरांसाठी मार्गदर्शिका

मुलगा अकोल्याचा, मुलगी अमरावतीची. पसंती झाली, फोनची परवानगी मिळाली. रात्री साडेनऊला उमेदवार फोन लावतो.

“जेवल्या काय?”
“हाव.”
“गरमी हाये काय तिकडे?”
“हाव.”
“झोप येऊन राह्यली काय?”
“हाव.”

संवाद आटोपला. दोष मुलीचा नाही, वाक्याच्या शेपटाला बांधलेल्या ‘काय’चा आहे. ज्याचं उत्तर ‘हाव’ किंवा ‘नाई’त भागतं, त्यासाठी वऱ्हाडी माणूस तिसरा शब्द खर्च करत नाही.

पायरी पहिली: ‘काय’ पुढे आणा. “काय जेवल्या?” उत्तर येईल, “वरण-भात.” ‘हाव’पेक्षा प्रगती आहे, पण वरण-भातावर संसार उभा राहतो, गप्पा नाही.

पायरी दुसरी: प्रश्नात माणूस घाला आणि त्याची फजिती घाला. “गिला वडा खाताना तुमच्या घरी सर्वात जास्त फजिती कोनाची झाली?” आता मामा येतात. पांढरा शर्ट, मुलगी पाहायला निघालेले, वरून तिखट चटणी. अकरा मिनिटं गेली, तरी मामा अजून डागच धूत आहेत. मध्ये आपल्या काकाचा किस्सा घुसवू नये, फक्त “मंग?” म्हणावं.

पायरी तिसरी: गोष्टीत हळूच स्वतः शिरा. “मंग मले नेलं वडा खायले, तं माह्या शर्टाचं काय होईन?” “काळा घालून या. बाकी मी पाहून घेईन.” लाडीगोडी म्हणतात ती ही. डोळ्यांची तारीफ न करता साधलेली.

पथ्य. “माह्यात काय आवडलं?” हा प्रश्न दिसायला मोकळा, पण ती तोंडी परीक्षा आहे, उत्तर “सगळंच” येतं. पलीकडून उलटा प्रश्न आला, तर गाडी रुळावर आहे. चांगल्या प्रश्नालाही लागोपाठ दोनदा ‘हाव’ आलं, तर ती खरंच थकली आहे. “निजा मंग” म्हणून फोन ठेवावा.

पूर्वपीठिका. ही विद्या इथलीच. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीनं कृष्णाला निरोप धाडला, त्यात भागवतानुसार “येता काय?” एवढंच विचारून ती थांबली नाही. नातलगांना न मारता मला न्याल कसं, ही शंका तिनंच काढली आणि लग्नाच्या आदल्या दिवशी मी देवीच्या दर्शनाला बाहेर येते, हा उपायही तिनंच सांगितला. ते देऊळ म्हणजे आपली अंबादेवी, असं अमरावतीकर मानतात. तेव्हा समोरचीला हे शिकवायला जाऊ नये. तिच्या गावात ते आधीपासून येतं.

आमच्या उमेदवाराला हे चौथ्या रात्री कळलं. मामा संपले आणि तिनं विचारलं, “अन् अकोल्याच्या मे महिन्यात रोज कूलरमंदी पानी कोन भरीन?”

इथे मात्र किस्सा सांगू नये. एकाच शब्दात उत्तर द्यावं: “मी.”