दीड तासाचे ७२२ रुपये

पोस्टपेड मोबाइलच्या बिलाचं पहिलं पान वाचून काहीही कळत नाही. तिथे फक्त किती भरायचे आणि कधीपर्यंत भरायचे एवढंच असतं. ते पैसे का भरायचे, हे मागच्या पानांवर असतं, आणि ती पानं बहुतेक लोक उघडतच नाहीत. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

आमच्या शेजारच्या काकू, पुण्यातल्या निवृत्त शिक्षिका, पाच दिवस मुलाकडे दुबईला जाऊन आल्या. जाण्याआधी मुलाने त्यांच्या नंबरवर रोमिंगचा पॅक टाकून दिला होता. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाहीत, त्यामुळे साध्या कॉलची मिनिटं असलेला पॅक घेणं शहाणपणाचंच होतं. पॅक ३००० रुपयांचा आणि महिन्याचं भाडं ५९९, म्हणजे करासकट सव्वाचार हजारांच्या आसपास बिल यावं असा त्यांचा हिशेब होता. बिल आलं ५०२६ रुपये ८० पैशांचं. काकू म्हणाल्या, "अहो, कर वाढला असेल." बिल फुगलं की माणसं आधी कराकडेच बोट दाखवतात.

कर वाढलेला नव्हता. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला तेव्हापासून मोबाइल सेवेवर १८ टक्केच आहे. बिलावर तो दोन ओळींत दिसतो, ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा. दोन ओळी पाहून दोनदा कर घेतला असं वाटतं, पण तो एकच कर आहे आणि त्याची विभागणी दाखवलेली आहे. वापर दुबईत झाला तरी सेवा इथल्या कंपनीने दिली आणि बिलाचा पत्ता पुण्याचा, म्हणून परदेशातल्या रोमिंगवरही हाच कर लागतो. पडताळा अगदी सोपा आहे. कराच्या वरची बेरीज घ्यायची आणि तिचे १८ टक्के काढायचे. काकूंच्या बिलात ती बेरीज ४२६० होती. तिचा कर ७६६ रुपये ८० पैसे. आकडा जुळला, कराची शंका मिटली. गोंधळ कराच्या वरच होता, कारण ५९९ आणि ३००० मिळून ३५९९ होतात. मधले ६६१ रुपये कुठून आले?

ते दोन ओळींत विभागलेले होते. पहिली ओळ ४९ रुपयांची, 'मूल्यवर्धित सेवा' या नावाने. ही सेवा कोणती, ते त्या ओळीत लिहिलेलं नव्हतं. मागच्या पानावर शोधल्यावर ती कॉलर ट्यून निघाली. ट्यून त्यांनी कधी मागितलीच नाही.

इथे नियम ग्राहकाच्या बाजूने आहे, म्हणून तो माहीत हवा. ट्रायने २०१३ साली कंपन्यांना बजावलं की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची संमती दोनदा घ्यायची. एकदा मागणी, आणि मग किंमत व मुदत सांगून पुन्हा होकार. दुसरा होकार नसेल तर पैसे लावता येत नाहीत. अशा सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा नंबरही तेव्हाच ठरवून दिला. पण केवळ बंद करून थांबलं तर गेलेले पैसे गेलेच. कस्टमर केअरला नेमका प्रश्न विचारायचा: ही सेवा कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने सुरू झाली, आणि माझ्या दुसऱ्या होकाराची नोंद कुठे आहे? काकूंनी एवढंच विचारलं. नोंद मिळाली नाही आणि कंपनीने ४९ रुपये परत द्यायचं मान्य केलं.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे. परतावा बिलात कुठे दाखवला जातो याला फार महत्त्व आहे. ४९ रुपये कराच्या वर, म्हणजे करपात्र रकमेतून वजा झाले, तर त्यावरचा करही आपोआप कमी होतो. पण कराच्या खाली, एकूण रकमेतून ४९ वजा केले, तर ग्राहकाने भरलेला कर कंपनीच्या हिशेबात तसाच राहतो. कारण त्या ट्यूनसाठी काकूंना ४९ नव्हे, ५७ रुपये ८२ पैसे पडले होते. रक्कम लहान आहे. हजार रुपयांच्या परताव्यात मात्र हाच फरक १८० रुपयांचा होतो. पुढचं बिल आलं की परताव्याची ओळ कराच्या वर आहे की खाली, एवढं बघायचंच.

राहिले ६१२ रुपये. ही ओळ 'आंतरराष्ट्रीय रोमिंग, पॅकबाहेरचा वापर' अशी होती आणि काकूंचा सगळा राग तिच्यावर होता. "पॅक संपायच्या आत मी विमानतळावर फोन बंद केला. मेसेज आहे माझ्याकडे." मेसेज खरोखर होता. पॅक ८ तारखेला २३.५० पर्यंत, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. काकूंनी दुबईच्या विमानतळावरच्या घड्याळात पावणेबारा वाजलेले पाहिले आणि फोन बंद केला.

तपशिलाच्या पानावर डेटाच्या तीन नोंदी होत्या. २२.३१ला ४ एमबी, २२.५८ला ५ एमबी, २३.२६ला ३.२४ एमबी. एमबीला ५० रुपये या दराने २००, २५० आणि १६२. बेरीज ६१२. तिन्ही वेळा २३.५०च्या आतल्या आहेत, मग पैसे का लागले?

दुबई भारताच्या दीड तास मागे आहे. मेसेजमधले २३.५० भारतीय वेळेचे होते, म्हणजे दुबईत रात्रीचे २२.२०. बिलातल्या नोंदी दुबईच्या वेळेने छापलेल्या होत्या. पॅक २२.२०ला संपला, काकूंनी फोन पावणेबाराला बंद केला, आणि मधल्या जवळपास दीड तासात फोनने त्यांना न विचारता नातवाचे तीन-चार फोटो आपणहून वर चढवले. डेटा कोणी हाताने वापरला नाही. फोटोंचा बॅकअप चालू होता, एवढंच. कर धरून या दीड तासाचे ७२२ रुपये १६ पैसे झाले.

हे पैसे परत मिळाले नाहीत. मेसेजच्या शेवटी तीन बारीक अक्षरांत भारतीय वेळ असल्याची खूण होती, आणि कंपनी त्यावर अडून बसली. नियमाने कंपनी चुकत नाही. पण ज्या माणसाचा फोन दुबईच्या नेटवर्कवर आहे, ज्याच्या मनगटावर आणि फोनच्या पडद्यावर दुबईची वेळ आहे, त्याला पुण्याची वेळ कळवणं हे सरळ वागणं नाही. फोन कोणत्या देशात आहे हे कंपनीला त्या क्षणी माहीत असतं, नाहीतर तिने रोमिंगचे पैसे लावलेच नसते. मग मेसेजमध्ये त्या देशाची वेळ लिहायला काय हरकत आहे?

म्हणून परदेशातून आल्यावर बिल वाचताना एकूण आकड्याच्या आधी तारीख आणि वेळेचा रकाना बघावा. पॅकबाहेरचा प्रत्येक रुपया एखाद्या वेळेशी किंवा एखाद्या देशाशी बांधलेला असतो. एकतर वापर पॅक सुरू होण्याआधीचा किंवा संपल्यानंतरचा असतो, नाहीतर तो पॅकच्या यादीत नसलेल्या देशातला असतो. विमान बदलायला ज्या विमानतळावर दोन तास थांबलो, तो देश यादीत नसणं हे नेहमीचं आहे. आपण तिथे 'गेलेलो' नसतो, म्हणून आठवत नाही. फोनला आठवतं. पॅक संपायच्या आधी फोनमधलं डेटा रोमिंगचं बटण हाताने बंद करणं हाच भरवशाचा उपाय आहे. पॅक संपल्यावर डेटा आपोआप थांबेल असं धरून चालू नये. काकूंचा थांबला नाही.

आणखी एक. परदेशातल्या वापराच्या नोंदी तिथल्या नेटवर्ककडून इथल्या कंपनीकडे येतात, आणि सगळ्याच वेळेवर येत नाहीत. त्यामुळे पुढच्या महिन्याच्या बिलात मागच्या तारखांचा रोमिंगचा आकार दिसू शकतो. केवळ उशिरा आला म्हणून तो खोटा ठरत नाही. मात्र तीच तारीख आणि तीच वेळ आधीच्या बिलात आहे का, हे ताडून पाहावं. दुबार लागलेली नोंद सापडते ती अशीच.

देशातल्या रोमिंगची भीती मात्र आता सोडून द्यावी. मुंबई एक सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा दुसरं, आणि पुण्याचा नंबर मुंबईत नेला की रोमिंग, हे दिवस गेले. आजच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये देशात कुठेही गेलं तरी वेगळे पैसे नाहीत. तशी ओळ दिसलीच तर जाब विचारावा.

तक्रार तोंडी करून फोन ठेवून देऊ नये. डॉकेट नंबर मागून घ्यावा, कारण पुढची पायरी त्याच नंबरावर चढता येते. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. त्याला फी नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. प्रीपेडवाल्यांनाही तपशील मागता येतो. मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील कंपनीने ३० दिवसांत द्यायचा असतो आणि त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

काकूंचं अपील आम्ही आता लिहितो आहोत. त्यात ७२२ रुपयांसोबत एक मागणी आहे, आणि तीच ट्रायकडेही आहे: रोमिंग पॅक संपण्याचा मेसेज, ग्राहक ज्या देशात आहे त्या देशाच्या वेळेने पाठवणं सक्तीचं करा.