संपादक साहेबांस, सदराविषयी

सातारा-सांगलीकडच्या दैनिकाला साप्ताहिक चित्रपट परीक्षणाचे सदर सुचवणारा कॉलेज विद्यार्थ्याचा ई-मेल बहुधा रात्री एकच्या पुढे निघतो. विषयाच्या ओळीत 'नमस्कार सर' असते. उपसंपादकाच्या इनबॉक्समध्ये तो वाढदिवसाच्या शुभेच्छा, मंडळांची कार्यक्रमपत्रे आणि निधनवार्ता यांच्या गर्दीत जाऊन पडतो. 'चित्रपट परीक्षण : सदराचा प्रस्ताव, दोन नमुने सोबत' एवढे लिहिले, तर निदान तो उघडला जातो.

पहिले वाक्य हमखास लहानपणापासूनच्या आवडीचे. ही आवड स्टँडवरच्या रिक्षावाल्यालाही असते आणि तो मत फुकट देतो. संपादकाला हवे असतात शब्द आणि वार. शब्दांचे सोपे आहे: साडेतीनशे म्हणावे आणि साडेतीनशेच पाठवावेत.

खरी गोची वाराची. नवा चित्रपट शुक्रवारी लागतो, पण रविवार पुरवणीची पाने बऱ्याच ठिकाणी त्याआधीच लागलेली असतात. म्हणजे 'रविवार पुरवणीत ताजे परीक्षण' असे वचन देणारा विद्यार्थी चित्रपट न पाहताच लिहिणार, हे उपसंपादक पहिल्या परिच्छेदातच ओळखतो. पुढच्या रविवारपर्यंत थांबावे, तर तोवर चित्रपट गावातून गेलेलाही असतो. त्यापेक्षा शनिवारच्या अंकातले आतले पान मागावे: दुपारी बाराचा खेळ, तीनपर्यंत बाहेर, सातच्या आत मजकूर. शुक्रवारचे प्रॅक्टिकल कोण करणार, हा प्रश्न ई-मेलमध्ये आणू नये. काही चित्रपट पुण्याला लागतात आणि सांगलीला पोचतच नाहीत. त्या आठवड्यासाठी जुना चित्रपट तयार ठेवल्याचे मात्र जरूर लिहावे.

असा जुना चित्रपट नमुन्यालाही बरा. 'स्वदेस' (२००४) मधले चरणपूर कथेत उत्तर प्रदेशात आहे, पण चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीचे. तिथला घाट पाहिलेला सातारकर कथेवर किती विश्वास ठेवतो, इथून सुरुवात केली, तर मुंबईच्या समीक्षकाला न सुचणारे परीक्षण होते. 'दिग्दर्शकाने विषयाला न्याय दिला आहे' या वाक्याने सुरू झालेला नमुना कोणत्याही चित्रपटाला बसतो, म्हणून कोणत्याही अंकात बसत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये, ई-मेलमध्येच चिकटवावा. वहीच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो किंवा final_final_2.pdf पाहून ऑपरेटरला मजकूर पुन्हा टंकावा लागतो, आणि ऑपरेटरचा राग संपादकापर्यंत लवकर पोचतो. जुना फॉन्ट वापरणाऱ्या कार्यालयात रूपांतर करताना जोडाक्षरे फुटतात. छापून आल्यावर 'र्‍हास' आणि 'दिग्दर्शक' हे शब्द आधी तपासावेत.

तिकीट स्वतः काढणार, हेही एका ओळीत सांगावे. त्याच पानावर थिएटरची जाहिरात असते आणि पासवर पाहिलेला चित्रपट सहसा वाईट निघत नाही.

उत्तर आले नाही, तर आठवड्याने फोन करावा, तोही दुपारी चारनंतर. सकाळी फोन उचलणारा माणूस जाहिरात विभागातला असतो आणि तो सदराचा दर सेंटिमीटरमध्ये सांगतो.