आतून कच्चा, वरून सोनेरी : बनावर अंडं लावण्याचे प्राथमिक धडे

बन चांगला व्हायचा तर पीठ नीट मळावं लागतं, दोनदा फुगू द्यावं लागतं आणि ओव्हन आधी तापवून ठेवावा लागतो. यात अर्धा दिवस जातो, आणि खेडमध्ये पावसाळ्यात त्या अर्ध्या दिवसात दोनदा तरी वीज जाते. एवढं करून पाहुणा बन आधी बघतो, मग खातो. पुष्कळ पाहुणे बघूनच मत ठरवतात. तेव्हा मेहनत जिथे दिसते तिथेच करावी. बन ओव्हनमध्ये सरकवण्यापूर्वी त्यावर ब्रशने अंड्याचा पातळ हात फिरवायचा, एवढंच हे तंत्र आहे. बेकरीतली माणसं त्याला एगवॉश म्हणतात. या धड्यांचं ध्येयही साधं आहे : बन घरी केला की भरणे नाक्यावरून आणला, असा संशय आत्याच्या मनात यावा.

१. आधी अंडं फोडा आणि आत काय आहे ते पाहा. मोठ्या अंड्यात कवच सोडून साधारण ५० ग्रॅम ऐवज असतो. त्यातला तिसरा हिस्सा पिवळा बलक, बाकीचा पांढरा. पांढऱ्यात जवळजवळ सगळं पाणी आणि थोडी प्रथिनं. पिवळ्यात निम्मंच पाणी, उरलेल्यात मुख्यतः स्निग्धांश आणि प्रथिनं. भट्टीच्या उष्णतेत प्रथिनं आणि साखर यांची गाठ पडली की तांबूस रंग येतो. पांढरा वाळला की काचेसारखी झिलई देतो, पिवळा रंग देतो. पुढचं सगळं या दोन ओळींवर चालतं, त्यामुळे एवढं पाठ केलंत तरी चारचौघांत तज्ज्ञ म्हणून बोलता येईल.

गावठी अंड्याचा बलक जास्त केशरी असतो, म्हणून बन जास्त भाजला जातो, असं शेजारच्या काकू सांगतील. तो केशरीपणा कोंबडीने काय खाल्लं त्याचा असतो. बनाला किंचित पिवळी छटा मिळेल, भाजणी तीच राहील. काकूंना मात्र हे सांगू नका, पुढची अंडी त्यांच्याकडूनच यायची आहेत.

२. एकाच ट्रेमध्ये स्पर्धा लावा. ३०० ग्रॅम मैदा, १८० मिलिलिटर कोमट दूध, साखर आणि लोणी प्रत्येकी ४० ग्रॅम, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५ ग्रॅम मीठ. याचे सत्तर-सत्तर ग्रॅमचे आठ बन होतात. दोन बनांना नुसता बलक, दोनांना पूर्ण अंडं आणि दूध, दोनांना पूर्ण अंडं आणि पाणी, दोनांना नुसतं दूध. पीठ एक, ट्रे एक, ताप एक. म्हणजे फरक पडला तर तो वरच्या हाताचाच. ट्रेवर कोणता बन कुठे आहे याची चिठ्ठी लिहून ठेवा. ‘लक्षात राहील’ असं तुम्हाला वाटेल. राहत नाही.

३. महत्त्वाकांक्षी असाल तर नुसता बलक वापरा. एक बलक, चमचाभर पाणी, चिमूटभर मीठ. मिठाने बलक सैल होतो आणि रंगाने गडद दिसतो, म्हणून मीठ घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्या. पाणी टाळलंत तर हात जाड बसेल, बन भट्टीत फुगताना त्या थराला चिरा पडतील आणि आतला फिका मैदा पावसानंतरच्या घाटरस्त्यासारखा उघडा पडेल.

बलकाचा बन सगळ्यात आधी रंगतो. १९० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटांतच तो दुकानातल्यासारखा तांबूस होतो. नवशिक्याने इथेच ओव्हनचं दार उघडावं, बन बाहेर काढावेत आणि फोटो घ्यावा. आत काय आहे ते फोटोत येत नाही. वरचा थर कागदाइतका पातळ, त्यातलं पाणी लगेच उडून जातं आणि त्याचा ताप शंभराच्या बराच वर चढतो. बनाच्या गाभ्यात पाणी आहे, तो शंभराच्या पुढे जाऊच शकत नाही. तो नीट भाजला जायला त्याला ८८ ते ९० अंशांपर्यंत यावं लागतं आणि सत्तर ग्रॅमच्या बनाला त्यासाठी पंधरा ते अठरा मिनिटं लागतात. म्हणजे रंग आल्यापासून बन होईपर्यंत सात-आठ मिनिटं तुमच्या हातात आहेत. या वेळात एक तर वरून फॉइल झाका आणि भाजत राहा, नाही तर पाहुण्यांना भरपूर चहा पाजा आणि बन कापण्याचा विषय टाळा. आमच्या पद्धतीत दुसरा मार्ग जास्त लोकप्रिय आहे.

उरलेल्या पांढऱ्याचं काय करायचं, हे बलकवाले कधीच सांगत नाहीत. तो वाटीत, वाटी फ्रिजमध्ये, आणि फ्रिजमध्ये तो विस्मृतीत जातो.

४. पूर्ण अंडं ही संसारी माणसाची निवड आहे. एक अंडं फेटा, गाळणीतून गाळा. न गाळल्यास पांढऱ्यातला तो दोऱ्यासारखा भाग नेमका बनाच्या माथ्यावर जाऊन बसतो आणि भाजल्यावर पुटकुळीसारखा दिसतो. आता याच्यात काय घालायचं, यावर घराघरात दोन पक्ष आहेत.

चमचाभर पाणी घातलं की हात पातळ होतो, सारखा पसरतो, झिलई स्वच्छ येते आणि रंग जरा फिका राहतो. चमचाभर दूध घातलं की रंग एक पायरी गडद होतो, कारण दुधात प्रथिनं आहेत आणि दुधातली साखरही भट्टीत रंगते. झिलई मात्र थोडी मंदावते आणि वरची कड जराशी मऊ राहते. बनाला दूध घाला. पॅटिस आणि खारीला पाणी घाला, तिथे चकाकी हवी असते. खारीच्या कापलेल्या कडांना मात्र अंडं लागू देऊ नका. अंडं तापलं की गोंदासारखं धरतं, पदर एकमेकांना चिकटतात आणि सगळे पदर सुटायच्या ऐवजी एका बाजूला कलंडतात. ‘जाणूनबुजून तिरकी ठेवली’ असं सांगता येतं. एकदाच.

५. श्रावणात आणि गणपतीत फक्त दूध. घरात गणपती बसले असताना फ्रिजमधलं अंडं दिसलं तर आत्या तुमच्या बनाकडे नव्हे, तुमच्याकडे बघेल. नुसत्या दुधाचा हात दिलेला बन बदामी, मऊ आणि निस्तेज होतो. तो झिलईत अंड्याची बरोबरी करू शकत नाही, ही गोष्ट मनाला समजावून सांगा. दूध सायीसकट घेतलं, चिमूटभर साखर घातली आणि भट्टीतून काढल्याबरोबर लोण्याचा बोळा फिरवला, तर चकाकी उधारीवर मिळते. चाकरमानी रेल्वेने येऊन दारात उभे राहीपर्यंत ती टिकली म्हणजे झालं. या दिवसांतल्या दमट हवेत अंड्याची कडक झिलईही तासाभरात ओल धरून चिकट होते, त्यामुळे दूधवाल्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये. बन पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाही तर दोन्ही पक्षांची हालत सारखीच होईल.

विकायचा विचार असेल तर एक सरकारी गोष्ट माहीत असू द्या. पाकिटावरच्या खुणांच्या नियमात अंडं मांसाहारात मोडतं, दूध शाकाहारात. बनाच्या पिठात अंड्याचा थेंब नसला तरी वरून ब्रशभर अंडं फिरवलंत की हिरवा ठिपका गेला, तपकिरी त्रिकोण आला. पाकिटात बांधलेल्या बनाची जात चमचाभर हाताने बदलते. नुसतं दूध वापरणाऱ्याच्या अंगी यामुळे जो सात्विक अभिमान येतो, तो बनापेक्षा जास्त फुगतो.

६. ब्रश मऊ घ्या. रंगाच्या दुकानातला नको, त्याचे केस गळतात आणि बनाला मिशा येतात. बन दुसऱ्यांदा फुगल्यानंतर, भट्टीत जाण्याआधी, ब्रश टेकवत नेल्यासारखा फिरवा. जोर दिलात तर बनातली हवा बाहेर पडेल आणि तो बसेल. बसलेला बन कितीही चकाकला तरी चपटाच दिसतो. गडद रंग हवा असेल तर पहिला हात वाळू द्या, मग दुसरा द्या. घाईत एकच जाड हात दिला तर अंडं बाजूने ओघळून ट्रेवर जमतं आणि बन ट्रेला असा चिकटतो की तळ तिथेच राहतो. बिनतळाचे बन ताटात उलटे ठेवू नका.

७. उरलेलं अंडं त्याच वाटीत ठेवून संध्याकाळी पुन्हा वापरण्याचा मोह होतो. कच्चं अंडं आणि कोकणातली उष्ण, ओलसर हवा यांचं फार लवकर जुळतं, त्यात साल्मोनेला वाढतो. दोन तास बाहेर राहिलेलं अंडं टाकून द्या, झाकून फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी संपवा. ब्रश गरम पाण्यात साबणाने धुवा. तो तसाच वाळवून कपाटात ठेवण्याची जी पद्धत आहे, तिला या धड्यांत मान्यता नाही.

८. शेवटची परीक्षा घेणारी माणसं ओळखून ठेवा. बहुतेक पाहुणे बन वरून बघतात, त्यांना बलकाचा बन द्या. काही जण बन हातात घेऊन वजन करतात, त्यांना दुधाचा द्या, तो हलका लागतो असं त्यांना वाटेल. क्वचित एखादी आत्या बन उलटा करते आणि तळाला टिचकी मारून ऐकते. पोकळ आवाज आला तर बन झाला, दबका आला तर आत पीठ आहे, हे तिला माहीत असतं. तिच्यावर चारपैकी कोणताही हात चालत नाही. तिच्यासाठी ट्रेमधले दोन बन पूर्ण अठरा मिनिटं भाजा. बाकीचे लवकर काढायला हरकत नाही.