नानांचं एकच उत्तर

आमच्या सोसायटीत नानांना साधा पत्ता सांगायचीही चोरी. "जोशी वर राहतात," म्हटलं की नाना चष्म्यावरून बघणार. "लगेच वर, की नुसतंच वर?" सोसायटीच्या दिवाळी अंकातलं चौकटीचं तर्ककोडं दरवर्षी नानाच घालतात. गणेशोत्सव आटोपला की त्यांना बोलण्यातली अशी भोकं दिसू लागतात.

कोडी सोडवणाऱ्यांना वाटतं, उत्तर ठरवायचं, त्यावरून चार सूचना लिहायच्या, झालं कोडं. नानांच्या मते ही कोडं घालण्याची नव्हे, अब्रू घालवण्याची पद्धत. सूचना आपल्या उत्तराला लागू पडणं ही काही मोठी गोष्ट नाही. त्या बाकीच्या सगळ्या उत्तरांना नापास करतात की नाही, ते बघायचं.

यंदाचं कोडं लहान होतं. जोशीकाकू, पाटीलवहिनी आणि कदमआजी तीन मजल्यांवर राहतात आणि चकली, करंजी, अनारसे यांतला एकेक जिन्नस करतात. कोण कुठे, आणि कुणी काय केलं? नानांच्या सूचना तीन. जोशीकाकू कदमआजींच्या लगेच वरच्या मजल्यावर राहतात. चकली पहिल्या मजल्यावर झाली. अनारसे जोशीकाकूंनी केले.

नानांनी चौकट आखली, फुल्या मारल्या, बरोबरच्या खुणा केल्या. पहिल्या मजल्यावर कदमआजी आणि चकली, दुसऱ्यावर जोशीकाकू आणि अनारसे, तिसऱ्यावर पाटीलवहिनी आणि करंजी. कोडं सुटलं! मग कागद गेला स्वयंपाकघरात, नानांच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे. त्यांना उत्तर ठाऊक नसतं, आणि परीक्षक म्हणून तेवढी पात्रता पुरते.

काकूंनी कुकरच्या दोन शिट्यांत निकाल दिला. "अहो, पाटीलवहिनी खाली राहिल्या तर काय बिघडलं? चकली त्या करतील. मधे आजी, करंजी घेऊन. जोशीकाकू वर, अनारसे तळत."

नाना मटकन बसले. काहीच बिघडत नव्हतं. आजींपुढे पहिल्या मजल्याची खूण कुठल्याही सूचनेने करायला लावली नव्हती. ती नानांच्या हाताने केली होती, कारण हाताला उत्तर पाठ होतं. खरं तर प्रत्येक खूण सूचनेच्या सक्तीनेच झाली, तर शेवटची चौकट भरताना उत्तर एकमेव असल्याची सिद्धताही आपोआप होते. एक खूण जरी आठवणीतून आली, तरी सिद्धता गेली.

नानांनी मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळ्या शक्यता मांडल्या. तिघी तीन मजल्यांवर सहा प्रकारे राहू शकतात आणि तीन जिन्नस त्यांच्यात सहा प्रकारे वाटता येतात, म्हणजे एकूण 36. पहिल्या सूचनेनंतर उरल्या 12, दुसरीनंतर 4, तिसरीनंतर 2. त्यांनी तिसरी सूचना बदलून "अनारसे दुसऱ्या मजल्यावर झाले" अशी केली. तरी दोनच! वहिनी चकलीसह खाली, आजी अनारशांसह मधे, जोशीकाकू करंजीसह वर. अखेर जुनी तिसरी परत घेतली आणि चौथी जोडली: पाटीलवहिनींनी चकली केलेली नाही. उरली एक.

माणूस इथे थांबला असता. नाना एकेक सूचना झाकून पुन्हा सोडवू लागले. एखादी झाकूनही उत्तर एकच राहिलं, तर ती सूचना फुकट जागा अडवणारी. चार सूचनांपैकी कुठलीही झाकली की उत्तरं दोन होत होती, आणि नानांच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरल्याचं समाधान होतं.

मी उगाच विचारलं, "नाना, करंजीचं नाव एकाही सूचनेत नाही, चालतं?"

"एका प्रकारातली एक बिननावाची चालते. त्याच प्रकारात दोन असल्या, तर त्यांची अदलाबदल केली तरी सूचनांना पत्ता लागत नाही, म्हणजे उत्तरं दोन." मग त्यांनी 1962 साली 'लाइफ इंटरनॅशनल'मध्ये आलेलं झेब्र्याचं कोडं काढलं. पाच घरांच्या त्या कोड्यात पाणी कोण पितं आणि झेब्रा कोणाचा, एवढंच विचारलंय, आणि सूचनांमध्ये ना पाणी आहे, ना झेब्रा. ते आइन्स्टाइनने रचलं असं कुणी म्हणालं, की नाना पुरावा मागतात. पुरावा अजून कुणी आणलेला नाही.

अंक छापून आला. जुळणी करणाऱ्याने पहिल्या सूचनेत "वरच्या"चं "खालच्या" केलं होतं. आता कोड्याला उत्तर एकही नव्हतं; वाचकांनी हवं तर पडताळून पाहावं. आम्ही नानांकडे सांत्वनाला गेलो, तर स्वारी चहा पीत निवांत बसलेली.

"छपाईची चूक आहे," नाना म्हणाले. "दोन उत्तरं आली असती, तर ती माझी असती."