सभ्य पोरांनी घर कसं मागावं

पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू व्हायच्या बेतात आलं, की नोकरदार पोरांनी आजूबाजूच्या गावांत किंवा थेट शहाद्यात फ्लॅट शोधावा. शोधणं सोपं आहे. अवघड आहे ते मालकाला आपलं चारित्र्य पटवणं, आणि हे मार्गदर्शन त्यासाठीच आहे.

चौघांना राहायचं असलं तरी चौघांनी एकदम जाऊ नये. दारात चार बिनलग्नाची पोरं दिसली, की मालकाला मोर्चा आल्यासारखं वाटतं. दोघांनी जावं, एकानं बोलावं, दुसऱ्यानं मान हलवावी. मान हलवणाऱ्याचा शर्ट इस्त्रीचा असावा, कारण मालक बोलणाऱ्याकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त बघतो. मालकाला ‘आबा’ म्हणावं, आतून डोकावणाऱ्या बाईंना ‘काकू’. आबा आधी आडनाव विचारतील, मग गाव, मग त्या गावातले पाहुणे. त्यांना यातून काय काढायचं असतं ते आपल्याला कळतं, पण कळल्याचं तोंडावर दिसू देऊ नये. पगार किती, हा प्रश्न बराच नंतर येतो.

आता आश्वासनं. ‘आम्ही पितही नाही, खातही नाही, आमच्याकडे कुणी येतही नाही’ असं म्हणू नये. इतके सज्जन चौघे एका घरात राहतात यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. ‘घरात मटण शिजवणार नाही, खावंसं वाटलं तर बाहेर जेवून येऊ’ एवढंच सांगावं. हे खरं वाटतं, कारण पाळता येतं. मळी हाताळणारा कुणी असेल तर त्याच्या कपड्यांचा आंबूस वास आधीच सांगून टाकावा. नाहीतर काकू पहिल्याच आठवड्यात त्या वासाचा भलताच अर्थ लावतील.

सगळ्यांत घातक वाक्य म्हणजे ‘दिवसभर कामावर, फक्त झोपायला येऊ’. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. पाळ्या पहाटे 4 ते दुपारी 12, 12 ते रात्री 8 आणि 8 ते पहाटे 4. समजा, तिघे तीन पाळ्यांत आणि चौथा ऑफिसात. म्हणजे पहाटे साडेतीनला एक जण मोटारसायकलला किक मारणार, साडेचारला दुसरा येऊन फाटक खडखडवणार आणि लगेच अंघोळीला बसणार. टाकीतलं पाणी संपलं की मोटर कुणी लावायची? आबांनी, झोपेतून उठून. झोपायला सगळेच येतात हे खरं, पण घर एकदम झोपलंय असं कधीच होत नाही.

म्हणून पाळ्यांचा कागद पहिल्याच भेटीत आबांपुढे ठेवावा. फाटकाची वेगळी किल्ली मागावी, गाडी रस्त्यापर्यंत ढकलत नेऊन मगच चालू करू असं सांगावं, आणि रात्रीसाठी दोन बादल्या भरून ठेवू म्हणावं. शीलाच्या शपथेपेक्षा या दोन बादल्यांचं वजन जास्त पडतं.

मुरलेले आबा मात्र एकच प्रश्न विचारतील: ‘पट्टा पडल्यावर काय?’ गाळप साधारण मार्च-एप्रिलपर्यंत संपतं. कायम कामगार राहतात, हंगामी गावी जातात आणि पुढच्या हंगामापर्यंत त्यांना मिळाला तर थोडाफार रिटेन्शन अलाउन्स. समजा भाडं 8000, माणशी 2000. दोघे हंगामी निघून गेले, तर उरलेल्या दोघांवर चार-चार हजार पडतात. हा हिशोब आबांच्या दारात नव्हे, तिथं जाण्याआधी चौघांनी आपसांत मिटवावा. एक तर गावी गेलेल्यांनी अर्धा वाटा पाठवत राहावं, नाहीतर करारच हंगामापुरता करावा. काहीही ठरलं तरी करारात चौघांची नावं असावीत. एकट्याचंच नाव असेल तर बाकीचे तिघे आबांच्या लेखी कायमचे पाहुणे, आणि पाहुण्यांनी मुक्काम करायचा नाही, ही आबांची अट तर आपण नुकतीच मान्य केलेली असते.

इथं आबा हमखास म्हणतात, ‘कागद कशाला? माणूस बघून घर देतो मी.’ तासभर आपल्या सात पिढ्या तपासल्यानंतर हे ऐकायला बरं वाटतं, पण विरघळू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चं कलम 55 अदबीनं सांगावं: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. असा करार नसेल आणि पुढे वाद झाला, तर मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे धमकीच्या सुरात म्हणू नये. ‘आबा, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय’ अशी सुरुवात करावी. आबा आतून चष्मा मागवतात, आधारकार्डांच्या झेरॉक्स किती लागतील ते विचारतात, आणि मटणाची अट कागदात घालता येईल का, हेही.