केक पाच, वाक्य एकही नाही

मावशींचा सत्तरावा वाढदिवस. सकाळी सातला घरच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला: 🎂🎂🎂🎂🎂🎉💐. मग दिवसभर तेच केक, तेच गुच्छ. चारच दिवसांपूर्वी याच ग्रुपवर एका निधनाच्या बातमीखाली हाच 💐 पडला होता. संध्याकाळी मावशींनी सगळ्यांना मिळून एक 🙏 टाकला. दुसरं काय टाकणार? उत्तर द्यावं असं कुणी काही लिहिलंच नव्हतं.

इमोजी वाईट नाही. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो, तो इमोजी देतो. ‘आता तरी वय लपवणं सोड’ एवढंच लिहिलं तर टोमणा वाटतो. पुढे 😄 आला की ती भाचीने केलेली चेष्टा होते. इथे चित्राने काम केलं, कारण त्याच्याआधी वाक्य होतं.

दुसरी गोष्ट निवडीची. ‘वाढदिवस’ टाइप करताच कीबोर्ड केक पुढे करतो. तो उचलायला मावशी आठवाव्या लागत नाहीत. आता हे वाचा: ‘मावशी, यंदाच्या करंज्यांना नारळ मी खोवणार, तुम्ही फक्त सारण चाखा. वाढदिवसाच्या शुभेच्छा! 🥥’ ‘वाढदिवस’ टाइप केल्यावर हा नारळ कुठलाही कीबोर्ड सुचवणार नाही. तो मावशींच्या स्वयंपाकघरातून आलाय, आणि एकच पुरतो. पाच टाकले तर पुन्हा नुसती सजावट.

स्टिकरचंही तेच. व्हॉट्सॲपवर ते २०१८ साली आले आणि चकाकणारे तयार गुलाब घरोघर पोचले. पण मावशींचा कॉलेजातला दोन वेण्यांचा फोटो कापून कुणी स्टिकर केला, तर त्या तो बहिणीला दाखवतील, जपून ठेवतील. आणि ज्या आजीला टाइप करणं जमत नाही, तिने शोधून पाठवलेला गणपतीचा स्टिकर हेच तिचं वाक्य. तिथे कसलीही परीक्षा नको.

एका ठिकाणी मात्र हात आवरायलाच हवा. काका जाऊन सहा महिने झालेत आणि त्यांच्यानंतरचा काकूंचा हा पहिला वाढदिवस आहे. तिथे 🎉 फोडणं म्हणजे तारीख लक्षात ठेवून माणूस विसरणं. ‘काकू, आज काकांची आठवण येत असेल. संध्याकाळी चहाला येते.’ बस्स. चित्र नको, आणि संध्याकाळी जायचं.

पाठवण्याआधी सगळी चित्रं पुसून पाहा. त्या माणसालाच लागू पडेल असं काही उरलं, तर एक चित्र परत लावा, ते शोभेल. काहीच उरलं नाही, तर आणखी केक लावू नका. फोन करा.