माझ्या पश्चात

अर्ज मी मुद्दाम अध्ययन रजेचाच केला. अर्जित रजा काय, मेहुण्याच्या लग्नालाही मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेख व्यवस्थापनाचा छोटा अभ्यासक्रम असतो, त्याला जायचं होतं. आणि जायचंच तर विद्वानासारखं जावं, अशी हौस. ‘सविनय विनंती’च्या खाली ज्ञानसाधनेवर एक परिच्छेदही लिहिला होता. साहेबांनी तो ओलांडला आणि 1972 चे केंद्रीय रजा नियम उघडले.

“पाच वर्षं सेवा झालीय ना?”

“केव्हाच, साहेब.”

“परत आल्यावर निवृत्तीला तीन वर्षं तरी उरायला हवीत. आणि बंधपत्र द्यावं लागेल. परतल्यावर तीन वर्षांत नोकरी सोडलीत, तर रजेतला पगार व्याजासकट परत.”

शिकायचं महिनाभर आणि बांधून घ्यायचं तीन वर्षं! पण मला कुणी पळवून नेईल अशी धास्ती सरकारला वाटते, हे ऐकून मी मनातून सुखावलो. घरच्यांना अशी धास्ती कधी वाटलेली नाही.

आस्थापनेतल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. अध्ययन रजा रजाखात्यातून वजा होत नाही हे खरं, पण एवढ्याशा कोर्सला कार्यालयानेच तुमचं नाव पाठवलं तर तो काळ कर्तव्यावरचाच धरतात, मग रजा कसली मागताय, म्हणाल्या. मी अर्ज बदलला. ज्ञानसाधनेचा परिच्छेद मात्र तसाच ठेवला.

आता साहेबांनी पर्यायी व्यवस्थेचा कागद मागितला. मी नवी वही काढली. माझ्या कामांचा पसारा मांडायचा म्हणजे ती पुरते की नाही, हीच शंका होती. रकाने आखले: काम कोणतं, कुठल्या तारखेला, कोण करणार, आत्ता कुठे अडलंय. पगारबिलाच्या नोंदी, सेवापुस्तकं, आवक टपाल, जुन्या फायली काढून देणं. संपलं. पानाच्या खाली जागा उरली. दुसऱ्या पानावर मी नुसतंच ‘इतर’ लिहून ठेवलं.

उरलेल्या जागेत अभिलेख कक्षाची किल्ली आली. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार प्रत्येक कार्यालयाला एक अभिलेख अधिकारी नेमावा लागतो. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आलं, कारण किल्ली माझ्याकडे होती. आणि किल्ली माझ्याकडे होती, कारण ते कुलूप दुसऱ्या कुणाला उघडत नसे. आधी दार गुडघ्याने आत दाबायचं, किल्ली अर्धी घालून थांबायचं, मग किंचित वर उचलून फिरवायची. पावसाळ्यात दार फुगतं, तेव्हा गुडघ्याऐवजी खांदा. आत गेल्यावर डावीकडचं बटण दाबायचं नाही, ते दाबलं की लेखा शाखेचा पंखा बंद पडतो आणि तिकडून माणूस येतो. एकदा लेखा परीक्षणाचे लोक बाहेर ताटकळत असताना मी ते दार एका झटक्यात उघडलं होतं. त्या दिवसासारखा मान मला नंतर कधी मिळाला नाही. हे सगळं मी कागदावर उतरवलं आणि चार्ज घेणाऱ्या मुलीला दिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, “सर, कुलूप बदललं तर?”

मी उत्तर टाळलं. कुलूप पुढच्या आठवड्यात बदललं गेलं.

‘आत्ता कुठे अडलंय’ हा रकाना मात्र लिहिता लिहिता जड झाला. आमचे एक शिपाईमामा नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे मावशींचं, कुटुंब निवृत्तिवेतन अडलं होतं, कारण सेवापुस्तकात एक नाव आणि आधारवर दुसरं. प्रतिज्ञापत्र हवं होतं. कार्यालयाची पत्रं जात होती, पण मावशींना वाचता येत नाही. निरोप द्यायचा तो शेजारच्या किराणा दुकानातून, दुपारी, मुलगा घरी नसताना, कारण मुलगा ऑफिसचं नाव काढलं की चिडतो. यातलं एक अक्षर फायलीत नव्हतं. सगळं माझ्या डोक्यात. मला चुकून एखाद्या बसने उडवलं असतं, तर मावशी कुठल्या रकान्यात गेल्या असत्या? आणि ‘तुमच्याशिवाय चालतच नाही हो’ असं म्हणत वर्षानुवर्षं माझ्या रजा नाकारणारी मंडळी एकदाही म्हणाली नाहीत, की ते डोक्यातलं लिहून ठेवा. मीही ते ऐकून फुगत होतो, तो भाग वेगळा.

मी दुकानाचा नंबर, दुपारची वेळ, मुलाचा स्वभाव, सगळं नोंदवलं. साहेबांनी कागदावर ‘पाहिले, योग्य’ असा शेरा मारला आणि मला मोकळं केलं.

दिल्लीत मी कागदाची वाळवी आणि फायलींची वर्गवारी शिकत होतो, तेव्हा ऑफिसातून फोन येईल म्हणून मोबाइल वर्गातही व्हायब्रेटवर ठेवला होता. घरून आला, बँकेचे आले, ऑफिसचा आला नाही. मावशींचं प्रकरण त्याच महिन्यात मंजूर झालं. टिपणीवर सही त्या मुलीची आहे.